कप धुणारी माणसं

दुपारी पावणेतीनला स्पीडच्या काट्याशेजारी तो पिवळा कप उजळला. वाफ निघणारा, कॉफीचा कप. खाली दोन शब्द : ‘विश्रांती घ्या’.

गरुडाने त्याच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. डेपोत सगळे त्याला गरुडच म्हणायचे. एकतीस वर्षं लांबच्या गाड्या चालवल्या, पण कुणी त्याला जांभई देताना पाहिलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली आणि त्याची झोप उडाली. रात्री दोनला, तीनला जाग यायची. मग तो उठून बसायचा, कपाट आवरायचा, रिकाम्या घरात फेऱ्या मारायचा. दिवस मात्र बरा जायचा, कारण दिवसा रस्ता होता. एवढाच काय तो आधार उरला होता.

पुढे पंप दिसला. गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, पट्टा काढला, आपल्या बाजूचं दार उघडून खाली उतरला, दहापर्यंत मोजलं, परत चढला आणि गाडी सुरू केली. कप गायब. डेपोत याला ‘कप धुणं’ म्हणायचे. ही गाडी पहिली काही मिनिटं चालवणाऱ्याचा हात शिकून घेते. तो स्टिअरिंग किती हलकं हलवतो, किती वेळा सावरतो, ते बघते. पुढे तासन्‌तास त्याच्याशी ताडून पाहते. हात बराच वेळ निपचित राहून एकदम झटका द्यायला लागला की तिला कळतं, गडी पेंगतोय. पण इंजिन बंद करून दार उघडलं की तिला वाटतं, नवा माणूस बसला. मग ती पहिल्यापासून शिकते. पेंगणाऱ्या हातालाच ती धडधाकट समजते.

अकरा मिनिटांनी केबिनमध्ये कर्कश शिट्टी वाजली.

गरुड दचकला. डावी चाकं कडेच्या पांढऱ्या पट्टीवर थडथडत होती. स्टिअरिंगमागच्या छोट्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. त्या कॅमेऱ्याला हात शिकावा लागत नाही. तो थेट डोळे बघतो. गरुडाने गाडी सावरली. मागे त्रेचाळीस माणसं. कुणी गाणी ऐकत होतं, कुणी झोपलं होतं. कुणालाच काही कळलं नव्हतं.

पुढच्या थांब्याच्या पार्किंगमध्ये त्याने गाडी उभी केली आणि उठून मागे वळला.

“मंडळी, मला झोप येतेय. वीस मिनिटं झोपतो, मग निघू.”

क्षणभर कुणाला खरंच वाटलं नाही.

“अहो, मी मीटिंगला चाललोय!” पुढच्या सीटवरचा सुटातला माणूस उभा राहिला. “झोपायचे पैसे घेता का गाडी चालवायचे?”

“चालवायचे.”

“मग चालवा ना!”

“डोळे मिटून चालवू?”

मागून एक आजी ओरडली, “झोपू दे रे त्याला! मला नातवंडं बघायचीत अजून.”

गरुडाने टपरीवर कॉफी घेतली, उभ्याउभ्या प्यायली, गजर लावला आणि सीट मागे करून डोळ्यांवर रुमाल टाकला. सुटातला माणूस मोबाइलवर टकटक करत तक्रार लिहीत होता, तेही त्याला ऐकू येत होतं. मग नाही आलं.

गाडी तेहेतीस मिनिटं उशिरा पोचली.

दुसऱ्या दिवशी तक्रारीवरून बोलावणं आलं. ऑफिसच्या दारातच डेपोतल्या एका मिशीवाल्या ड्रायव्हरने त्याचा दंड धरला.

“टायर तापला होता म्हण. मेकॅनिकशी बोललोय मी. उगाच कपाचं नाव काढू नकोस, सगळ्यांचं वाटोळं होईल.”

आत मॅनेजर साहेब होते आणि गाड्यांच्या नोंदी बघणाऱ्या बाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

“काका,” साहेब म्हणाले, “बाकी कुणाला थांबावं लागत नाही. तुम्हालाच का? वय झालं असेल तर स्पष्ट सांगा. डेपोत गाड्या पुढेमागे लावायचं काम आहे. लांबची गाडी सोडून द्या.”

डेपोतलं काम म्हणजे दुपारी तीनला घरी. त्या घरी. टायरचं नाव घेतलं तर सगळं निभावलं असतं. शब्द अगदी जिभेवर आले.

“साहेब, मला झोप आली होती. आणि त्याच्या आधी मी कप धुतला होता.”

“काय धुतलात?”

त्याने सगळं सांगितलं. दार, पट्टा, दहापर्यंत मोजणं. किती महिने चाललंय, तेही सांगितलं. मग म्हणाला, “हे माझं झालं. दुसऱ्यांचं मी सांगणार नाही.”

बाईंनी कपाळावर हात मारला.

“अहो काका! पाच महिने डोकं फोडतेय मी! कप लागला की इंजिन बंद, आणि पन्नास सेकंदांत परत चालू. गाडीगणिक हेच. मला वाटलं वायरिंगमध्ये दोष आहे. नऊ गाड्यांचं वायरिंग बदलून घेतलं!”

“नऊ?” साहेबांचा आवाज चिरकला.

“आणि आणखी सहा रांगेत होत्या.”

बाईंनी लॅपटॉप फिरवला. “हे बघा, कालचं. कप धुतल्यावर अकरा मिनिटांनी डोळे मिटले. एक पूर्णांक चार सेकंद. वेग नव्वद. म्हणजे पस्तीस मीटर गाडी एकटीच गेली. आणि हे पुढचं. इंजिन चोवीस मिनिटं बंद. त्यानंतर पावणेदोन तास ना कप, ना शिट्टी. हात अगदी सकाळसारखा.”

साहेब उठून खिडकीशी गेले. खाली डेपोत सगळ्या गाड्या धुऊन उभ्या होत्या.

“इतरांना थांबावं लागत नाही, हे मी केवढ्या तोऱ्यात वर कळवलं होतं,” ते म्हणाले. “काका, वेळापत्रकात किती मिनिटं घातली तर तुम्ही लोक खरंच थांबाल?”

“वीस. पण छापून द्या साहेब, तिकिटावर. म्हणजे पॅसेंजर ड्रायव्हरला शिव्या देणार नाहीत, तुम्हाला देतील.”

बाई खो खो हसल्या. साहेबांनाही हसू आवरेना.

“आणि कप असा पुसता येणार नाही, याचं मी बघते,” बाई म्हणाल्या. “गाडी बनवणाऱ्यांशी बोलते. पंधरा मिनिटं उभी राहिल्याशिवाय जायचाच नाही.”

“आणि माझी गाडी?”

“तुमची गाडी तुमचीच,” साहेब म्हणाले. “तुमच्यासारखा आणखी एक मिळाला तर घेऊन या.”

पुढच्या महिन्यात नवं वेळापत्रक लागलं. पहिल्या सोमवारी दुपारी तीनला त्या पार्किंगमध्ये सात गाड्या ओळीने उभ्या होत्या. पॅसेंजर पाय मोकळे करत होते, पोरं पळत होती. सातही केबिनमध्ये सात माणसं आडवी. मिशीवाल्याचं घोरणं तर टपरीपर्यंत येत होतं.

गजर वाजला. गरुड उठला, तोंडावर पाणी मारलं. मिशीवाला डोळे चोळत खाली उतरला.

“वाटोळं केलंस बघ आमचं,” तो म्हणाला. “तीस वर्षांत पहिल्यांदा नोकरीत झोपलो. बायकोला सांगितलं तर म्हणते, पगार मिळतो का त्याचा?”

“मिळतो म्हणावं.”

“सांगितलं. तर म्हणते, मग रविवारीही जा.”

गरुड मोठ्याने हसला. किती महिन्यांनी, त्यालाच आठवेना. त्याने माणसं मोजली, दार लावलं, पट्टा लावला. समोरचा रस्ता लख्ख दिसत होता. त्याने लांबलचक हॉर्न दिला. मागच्या सहा गाड्यांनीही दिला. सगळ्यांत पुढे गरुडाची गाडी हायवेला लागली, आणि तिच्या मागोमाग बाकीच्या, एकामागून एक.