कोयीच्या कवचासकट आवकाय

तेनालीच्या हैमवतम्मांच्या आवकायला गल्लीत तोड नव्हती. कैरीचं ते लालभडक लोणचं शेजारीपाजारी भांडून नेत. ऑनलाइन विकलेल्या बरण्या मात्र परत यायच्या. सून स्रवंतीने दुकानाच्या पानावर लिहिलं होतं, ‘आईच्या हातची अस्सल चव, शंभर टक्के शुद्ध.’ एकाने कळवलं, दगड निघाला. दुसऱ्याने, लोणचं कमी आणि तेलच जास्त.

“दगड?” फोडी करता करता हैमवतम्मांचा अडकित्ता थांबला. “कोयीचं कवच आहे ते! ते नसलं तर फोडीचा लगदा होतो. एवढंही कळत नाही?”

“अत्तय्या, कळणार कुठून?” स्रवंती सासूला म्हणाली. “आपण सांगितलंच नाही.”

स्रवंतीने जुना मजकूर पुसला आणि लोकांच्या शंका एकेक करून सासूला विचारायला सुरुवात केली.

“तेल एवढं का?”

“फोडी बुडायला नकोत? उघड्या पडल्या की बुरशी. लिही, डोळे असतील तर बघा म्हणावं.”

“टिकवायला काय घालता?”

“मीठ, मोहरी, तेल. दुसरं काय घालणार, माझं डोकं?”

“किती टिकेल?”

“कोरडा चमचा घातला तर वर्षभर. ओला घालणाऱ्याने बाजारातलं खावं.”

टोमणे वगळून स्रवंतीने सगळं लिहिलं. फोडीचा कवचासकट फोटो लावला. परवाना क्रमांक आणि बरणी भरल्याची तारीख टाकली. शेवटी लिहिलं: मीठ सढळ आहे, पहिले काही दिवस मोहरी कडवट लागेल, यात तिळाचं तेल आहे, आणि मसाला दळतो त्याच यंत्रात शेंगदाणेही दळतो.

“आपल्याच मालाची निंदा? कोण घेईल गं?”

“ज्याला हवंय तो घेईल. आणि परत नाही पाठवणार.”

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. हैमवतम्मा येता-जाता “झाली का विक्री, लेखिकाबाई?” म्हणायच्या.

मग हैदराबादहून पद्मलता नावाच्या बाईंनी विचारलं: मुलीला शेंगदाणा जराही चालत नाही, यंत्र धुऊन दळलं तर चालेल का?

प्रश्न सासूला वाचून दाखवून स्रवंती तिच्याकडे बघत राहिली. इतक्या दिवसांनी आलेलं पहिलंच गिऱ्हाईक.

“बघतेस काय?” हैमवतम्मा म्हणाल्या. “कितीही धुतलं तरी खात्री कोण देणार? लेकराचा जीव आहे. नको घेऊ म्हणून सांग तिला.”

स्रवंतीने तसंच कळवलं. बाईंनी ते उत्तर आपल्या वसाहतीच्या ग्रुपवर टाकलं: ‘विकायला बसलेत, तरी मला घेऊ नका म्हणाले. बाकीचंही खरंच लिहिलं असणार.’

दुसऱ्या दिवसापासून मागण्या थांबेनात. त्या वसाहतीतून शेजारच्या, तिथून बंगळुरूपर्यंत. एकही बरणी परत आली नाही. एका गृहस्थांनी लिहिलं, ‘कवच चोखायला आमच्याकडे भांडणं होतात.’ हैमवतम्मांनी ते तीनदा वाचून घेतलं, मग शेजारणीला हाक मारून पुन्हा वाचायला लावलं.

उन्हाळा सरायच्या आत आवकाय संपलं. पानावर ‘पुढच्या हंगामात’ अशी पाटी लावून स्रवंती हसत उठली, तर हैमवतम्मांनी तिला हात धरून परत बसवलं.

“उठतेस कुठे? आता अंबाडीच्या लोणच्याचं, गोंगुऱ्याचं लिही. दात आंबतील म्हणावं. अगदी स्पष्ट लिही!”