भोंग्यानंतरचा तास

माणिकप्पा माझ्या मागावर आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

तेर स्टेशनाजवळ कल्याणप्पांची जिनिंग होती. लढाईची वर्षं होती. माणिकप्पा तिथं हजेरी लिहायला नवा लागला होता आणि मी तेलवाला होतो. कापसातून सरकी काढणारी यंत्रं एका उंच चौथऱ्यावर ओळीनं बसवली होती. बायका त्यांच्यापुढं बसून कापूस घालायच्या. चौथऱ्याखाली एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरच्या पट्ट्यांनी सगळी यंत्रं चालायची. शाफ्ट जिथं जिथं टेकला होता तिथल्या बेरिंगांना तेल घालणं हे माझं काम. चालत्या शाफ्टखाली शिरता येत नाही. म्हणून अकराचा भोंगा वाजला, इंजिन थांबलं आणि बायका भाकरी सोडायला बाहेर गेल्या की मी डबा घेऊन खाली शिरायचो.

त्या वर्षी भादव्यात माझी बायको धुरपदा गेली. ताप आला आणि चौथ्या दिवशी गेली. त्यानंतर घरी जायला माझे पाय उचलत नव्हते. कुलूप काढायचं, अंधारात बसायचं, आणि पलीकडून कुणी काही विचारायचं नाही. हंगाम सुरू झाला तसा मी संध्याकाळी प्रेसमधलं, म्हणजे रुईच्या गाठी बांधतात तिथलं, काम मागून घेतलं. सहाला जिनिंग बंद झाली की गाठींवर गोणपाट शिवायला बसायचो ते आठ वाजेपर्यंत. कल्याणप्पांनी लगेच हो म्हटलं. गाठी पडून होत्या आणि रेल्वेचे डबे कधी मिळतील याचा नेम नव्हता.

आणि मग हा माणिकप्पा. सुट्टीच्या तासात सगळे लिंबाखाली बसलेले असायचे आणि हा चौथऱ्याच्या तोंडाशी उभा राहून खाली डोकवायचा.

"दगडोबा, तुम्ही जेवता कधी?" त्यानं एकदा विचारलं.

"भूक लागल्यावर."

"आणि झोपता?"

"तुमच्या हजेरीत झोपेचा पण रकाना हाय का?"

तो हसला नाही. काहीतरी लिहून निघून गेला.

शांताक्का शेवटच्या यंत्रावर बसायची. ती म्हणाली, "दगडूभाऊ, त्याची नजर तुमच्या डब्यावर हाय बघा. तेल कंट्रोलात गेलंय. बाजारात सोन्याच्या भावानं जातंय."

मला ते पटलं. मुकादम उत्तरेश्वर मला रोज मापून तेल द्यायचा आणि तास संपला की डबा उलटा करून बघायचा. त्याच्या पुढं जाऊन आता हा खाली डोकवत होता. मी रात्री आठपर्यंत का थांबतो, हेही तो प्रेसमध्ये विचारून आल्याचं कानावर आलं. मला वाटलं, उत्तरेश्वर आणि हा मिळून माझ्यावर चोरी घालणार. मग मला काढणार. मग मी दिवसभर त्या घरात काय करणार?

मी पण त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. एका दुपारी मी तेल घालून वर आलो. उत्तरेश्वर इंजिनाकडं गेला होता, म्हणून डबा तसाच खुंटीला अडकवला. पाणी पिऊन वळलो तर माणिकप्पा चौथऱ्याखालून बाहेर येत होता. गुडघ्याला सरकीची धूळ, कपाळावर घाम.

"खाली काय काम होतं तुमचं?"

"बघत होतो," तो म्हणाला, आणि नजर चुकवली.

बाराचा भोंगा झाला. इंजिन सुरू झालं. थोड्या वेळानं शांताक्का ओरडली, "जळतंय! माझ्या पायाखाली जळतंय!"

सगळीकडं रुई उडत असते. एक ठिणगी पडली तर ओळच्या ओळ पेटते आणि चौथऱ्यावरून उतरायला जिना एकच. बायका धडाधड उठल्या. उत्तरेश्वरानं इंजिन बंद करायला लावलं. मी पाण्यात भिजवलेलं पोतं घेऊन आत घुसलो. शेवटचं बेरिंग धुरावलं होतं. भोवतीची रुई काळी पडायला लागली होती. पोत्यानं दाबून विझवली आणि बेरिंगवरची तेलाची वाटी बघितली. कोरडी ठणठणीत.

बाहेर आलो आणि सगळ्यांपुढं माणिकप्पाकडं बोट केलं. "हा गेला होता खाली! ह्यानंच वाटीतलं तेल काढलं!"

बायका त्याच्याकडं बघायला लागल्या. शांताक्का म्हणाली, "म्या पण बघितलं ह्याला बाहेर येताना."

माणिकप्पाचा चेहरा पडला. कल्याणप्पा ऑफिसातून आले. "काय लावलंय? चोरी कुणाची?"

"माझी न्हाय, मालक. माझा डबा बघा. रोज रिकामा असतो," असं म्हणून मी खुंटीवरचा डबा ओढला.

डबा जड लागला.

आत तेल होतं. एका बेरिंगला लागतं तेवढंच, म्हणजे शेवटच्या बेरिंगचं. मी डबा हलवून बघितला, पुन्हा बघितला. त्या बेरिंगला तेल घातल्याचं मला नीट आठवत होतं. निदान तिथं बसल्याचं आठवत होतं.

माणिकप्पा हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही तिथं बसलात, हात टेकवला आणि तुमची मान खाली गेली. मग दचकून उठलात. मला वाटलं, तेल घालून झालं. तरी शंका आली म्हणून मागनं खाली गेलो. पण अंधारात वाटी काही दिसली न्हाय. विचारायला पाहिजे होतं. विचारलं न्हाय."

 त्यानं हजेरीची दोन पुस्तकं आणून मालकांपुढं उघडली. एक जिनिंगचं, एक प्रेसचं.

"ही दोन्ही कुणी कधी शेजारी ठेवली न्हाईत. इथं दगडोबांचे अकरा तास. सहा ते सहा, मधी एक तास सुट्टी. तिथं दोन तास. कायद्यात दिवसाला अकराच तास हाईत, मालक. त्याच्यावर गाठ शिवणं आलं की हद्द मोडली."

"त्यानं स्वतः मागितलं," कल्याणप्पा म्हणाले. "म्या काय बळं लावलं? विचार त्याला."

"मागितलं म्हणून हद्द हलत न्हाय. आणि ही सुट्टी बघा." त्यानं माझ्या नावापुढच्या खुणांवरून बोट फिरवलं. "उत्तरेश्वर, ही खूण तुम्ही कशी करता?"

उत्तरेश्वर गोंधळला. "भोंगा झाला की समद्यांम्होरं करतो. पहिल्यापासून तसंच हाय."

"समद्यांची सुट्टी सुरू झाली की ह्यांचं काम सुरू होतं. मग ह्यांची सुट्टी कुठं हाय?"

उत्तरेश्वर पुस्तकातल्या स्वतःच्या खुणा बघायला लागला. इतकी वर्षं तो माझ्या हातात डबा देत होता आणि लगेच माझ्यापुढं सुट्टीची खूण करत होता. त्यात त्याची लबाडी नव्हती. मलाही ते कधी खटकलं नव्हतं. अकरा, सुट्टीचा एक आणि प्रेसचे दोन, असे चौदा तास मी पोटात घास न घालता उभा होतो.

"सरकारी इन्स्पेक्टर आला तर खुणा बघून खुश होईल," कल्याणप्पा म्हणाले, पण आवाज उतरला होता. काळ्या पडलेल्या रुईकडं ते पुन्हा पुन्हा बघत होते.

"ह्या खुणा बघून बेरिंग थंड होत न्हाय, मालक."

शांताक्का पुढं आली. मला वाटलं, माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "दगडूभाऊ, वैनी गेल्या, आमाला समजतंय. पण त्या बेरिंगवर म्या बसते. माझी पोरं घरी हाईत."

मग मी प्रेसचं काम सोडतो म्हणालो. मालकांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून माझी सुट्टी बारा ते एक झाली. अकराला सगळे बाहेर, मी खाली. बाराला सगळे आत, मी लिंबाखाली. माझ्यापुढची खूण आता माणिकप्पा स्वतः करायचा, तीही मी खरोखर बसलो आहे हे बघून. लांबून त्याचं ते डोकावणं मला अजूनही आवडत नव्हतं.

"झोपा की जरा," तो म्हणाला.

"तुम्ही बघत असल्यावर झोप येतीय व्हय?"

तेव्हा पहिल्यांदा तो हसला आणि पाठ करून उभा राहिला.

त्या संध्याकाळी सहाला सुटून सरळ घरी जाऊन कुलूप काढलं. धुरपदा गेल्यापासून एवढ्या लवकर मी घरी आलो नव्हतो. तिच्या चुलीला भेगा पडल्या होत्या. बादली घेऊन नदीकडची माती आणली आणि अंधार पडता पडता चूल लिंपून घेतली. ती ओली होती तोवर पेटवता येणार नव्हती. म्हणून तिच्यापुढंच पडलो आणि झोपलो.