बांगड्याचा डोळा आणि जावयाचं बोट

सासूबाई, म्हणजे सुभद्राबाई, गावी परत गेल्या तर प्राजक्ताला दुपारी कोण बघणार, हा प्रश्न ज्योतीरामला सतावत होता. सहा वर्षांची पोरगी साडेबाराला शाळेतून येते. त्याची बायको विजयश्री सकाळी सातच्या कॅबनं हिंजवडीला जाते आणि ट्रॅफिकच्या मर्जीप्रमाणे परतते. तो स्वतः भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर, शिफ्ट दर आठवड्याला बदलती. पाळणाघरं त्यांनी पाहिली होती. एकात मुलं टीव्ही बघत होती, दुसऱ्यात ताईसुद्धा.

आणि सुभद्राबाई रत्नागिरीला परत निघाल्या होत्या. भांडण नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या लेकीकडे आल्या, गुडघा बरा झाला, नातीला त्यांचा लळा लागला. तक्रार एकच होती.

"इथं सगळं मिळतं," त्या म्हणत, "फक्त मासा मिळत नाही. जे मिळतं त्याला मासा म्हणायचं, एवढंच."

त्यांचा मुलगा ओंकार रविवारी गाडी घेऊन न्यायला येणार होता. बॅग शनिवारीच भरून दाराशी ठेवलेली. विजयश्रीनं आईकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की रविवारी शेवटचा एकदा इथला मासा खायचा. चांगला निघाला तर दिवाळीपर्यंत राहायचं.

म्हणून रविवारी सकाळी आठ वाजता ज्योतीराम भोसरीच्या मासळी बाजारात उभा होता. तो मूळचा लातूरकडच्या औसा तालुक्यातला. त्याच्या घरी मटण सणासारखं व्हायचं आणि मासा हा शाळेच्या पुस्तकातला प्राणी होता. तेव्हा ठरलं असं, की त्यानं प्रत्येक माशाचे तीन फोटो पाठवायचे, डोळा, कल्ला आणि मांस, आणि सासूबाईंनी घरी सोफ्यावर बसून निकाल द्यायचा. ही पद्धत ज्योतीरामला मनापासून पटली. कंपनीत पुण्याबाहेरचा ग्राहक असाच फोटोवर माल पास करतो. निम्मा परत पाठवतो ही गोष्ट वेगळी.

पहिल्या गाळ्यावर बांगडे आरशासारखे चकाकत होते. त्यानं खिशातलं पेन काढलं, पेनाच्या टोकानं कल्ल्याचं झाकण उचललं, दुसऱ्या हातानं फोटो घेतला. कल्ला लालबुंद. मासेवाला बघत राहिला.

"साहेब, ऑपरेशन करताय का?"

"इन्स्पेक्शन," ज्योतीराम म्हणाला.

दोन मिनिटांत सासूबाईंचा व्हॉइस मेसेज आला. "कल्ला झकास आहे. घ्या." त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि पिशवी पुढे केली. तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबुवा, थांबा. फोटोत तुमची करंगळी आलीय."

"हो. चुकून आली."

"तीही लालबुंद आहे. तुम्हाला ताप आहे का?"

ज्योतीरामनं करंगळीकडे पाहिलं. मग वर पाहिलं. गाळ्यावर लाल ताडपत्री ताणलेली होती आणि तिच्याखाली लाल दिवा. बांगडे, बर्फ, मासेवाला, सगळे एकाच आजारानं फुललेले होते. त्यानं एक बांगडा पेनानं ढकलत ढकलत ताडपत्रीच्या कडेला, उन्हात आणला. कल्ला चहाच्या रंगाचा होता. डोळा खोल गेला होता, बघायचं काही उरलं नसल्यासारखा.

बारा वर्षं तो कामगारांना सांगत होता, की रंग तपासायचा तर पांढऱ्या उजेडात तपासा. तशी पाटीही त्यानंच भिंतीवर लावली होती.

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मदिनाभाभी नावाच्या मासेवाल्या बसत. डोक्यावर निळी ताडपत्री नव्हती की लाल नव्हती, नुसतं आभाळ होतं. त्यांच्या टोपलीतले बांगडे बर्फात गाडलेले. त्यानं एक बाहेर काढवून घेतला आणि फोटो पाठवले. आता प्रत्येक फोटोत त्यानं आपली करंगळी मुद्दाम ठेवली होती, रंग ताडून बघायला.

उत्तर लगेच आलं. "कल्ला चालेल. पण डोळा पांढरा आहे. आंधळा मासा नको."

ज्योतीराम वळला. मदिनाभाभींनी सुरी खाली ठेवली.

"भाऊ, फोन लावा आजींना. स्पीकरवर ठेवा." मग फोनकडे वाकून त्या म्हणाल्या, "आजी, सलाम. डोळा बर्फानं पांढरा झाला. बर्फ डोळ्याला चिकटून होता. पण वर आलेला आहे का नाही, ते बघा."

"फोटोत कसं दिसणार, वर आहे का आत?"

"तेच म्हणते मी. फोटोत वास पण येत न्हाई."

पलीकडून नुसता एक लांबलचक हुंकार आला. कोकणातल्या बाईला भोसरीत कुणीतरी बरोबर बोलल्याचा तो धक्का असावा.

"बाजूनं फोटो काढा, जावईबुवा. समोरून नको."

त्यानं मासा बाजूनं टिपला. डोळा पांढुरका होता खरा, पण गोटीसारखा बाहेर आलेला.

"खोल नाही गेलाय," सासूबाई नाइलाजानं म्हणाल्या. "मग आता मांस दाबा. पाठीला आणि पोटाला."

ज्योतीरामनं पेन काढलं.

"पेनानं नाही," दोन्ही बायका एकदम म्हणाल्या.

एवढ्या सकाळभरात त्यानं माशाला हात लावला नव्हता. खरं तर आयुष्यात लावला नव्हता. त्यानं बाही वर केली, तर्जनी पुढे केली आणि डोळे मिटून दाबली.

"दाबलं."

"खड्डा राहिला का?"

"नाही. वर आलं."

"कसं आलं?"

"पटकन."

"पटकन म्हणजे कंपनीतलं पटकन का आमचं?"

त्यानं पुन्हा दाबलं, डोळे उघडे ठेवून. मांस रबरासारखं बोटाला परत ढकलत होतं. पोटही घट्ट होतं. वर्कशॉपमधलं नवीन रबरी बुशिंग हातात घेतल्यावर मोजमापाच्या आधीच बोटांना कळतं, तसं काहीतरी त्याला कळलं. त्यानं मासा नाकाशी नेला. समुद्र त्यानं फक्त सासुरवाडीला, रत्नागिरीत, पाहिला होता. वास तोच होता.

"आई," तो म्हणाला, "फोटो काही म्हणू दे. मासा चांगला आहे."

"डोळा पांढरा आहे."

"आहे. तरी घेतोय. माझ्या सहीवर."

सासूबाईंनी अट घातली. "कापून आणू नका. डोक्यासकट आणा. मला बघायचाय."

मदिनाभाभींनी सहा बांगडे तसेच पिशवीत टाकले. "आजींना सांगा, पुढच्या वेळी सकाळी लवकर पाठवा तुम्हाला."

"पुढची वेळ आली तर सांगेन," ज्योतीराम म्हणाला.

घरी ओंकार येऊन बसला होता, गाडीची चावी बोटाभोवती फिरवत. सुभद्राबाईंनी सहाही बांगडे ताटात ओळीनं मांडले, चष्मा लावला, प्रत्येकाचा कल्ला उचलला, दाबला, हुंगला. ज्योतीराम कोपऱ्यात हात मागे बांधून उभा होता. ऑडिटर आल्यावर तो असाच उभा राहतो. मग सुभद्राबाईंनी विळी मागितली.

जेवणात बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, होतं आणि दोन तळलेले. सुभद्राबाईंनी पहिला घास घेतला, मग दुसरा, मग भात वाढून घेतला. ओंकार म्हणाला, "आई, चारला निघू. घाटात गर्दी होते."

"मी कुठं निघते?"

"म्हणजे?"

"या माणसाला आज कुठं बांगडा कळला. पापलेट राहिलंय, सुरमई राहिलीय. लाल दिव्याखाली परत उभा राहिला तर पोरीला काय खायला घालेल?" त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "दिवाळीपर्यंत तरी मला जाता येत नाही."

विजयश्रीनं नवऱ्याकडे न बघता तळलेल्या बांगड्याचं मोठं शेपूट त्याच्या ताटात टाकलं. ओंकारनं चावी खिशात घातली आणि म्हणाला, "मग घाई कशाला? मला अजून थोडा भात वाढ."