ब्लॉकचा हात

मी शाळेत खेळ शिकवते आणि माझा आवाज पुसदच्या बाजारापर्यंत जातो, असं म्हणतात. म्हणू द्या. आमच्या तांड्याच्या पोरी व्हॉलीबॉलची तालुक्याची फायनल खेळत होत्या. जिंकल्या तर पहिल्यांदा यवतमाळला, जिल्ह्याला जाणार होत्या. मी गप्प कशी बसू?

आमची अंजू जाळीपाशी भिंत होती. बोटं फाकलेली, मनगटं ताठ, तळवे आत वळवलेले, दोन हातांतून चेंडू निसटेल एवढी फट नाही. समोरची मारेपर्यंत ती हात आवरून धरायची, मारलं की पलीकडे न्यायची, आणि जाळीला धक्का नाही. हे मी शिकवलं. एक सवय मात्र मला पुसता आली नव्हती.

तांड्यावरच्या खेळात पंच म्हणजे अंजूचे आजोबा, धावजी; ती त्यांना दादा म्हणते. त्यांचा कायदा चाळीस वर्षांचा: ब्लॉकला लागलेला चेंडूही संघाच्या तीन टचपैकी एक धरायचा, आणि ब्लॉक करणारीनं लगेच पुन्हा शिवायचा नाही.

पंधरा गुणांचा तिसरा, शेवटचा सेट, बारा-बारा. अंजूच्या बोटांना लागून चेंडू तिच्याच डोक्यावर उडाला. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले! चेंडू पायाशी पडला. बारा-तेरा.

मी टाइमआउट घेतला. "काहून सोडला गं? ब्लॉकचा टच मोजत नाहीत! पुढे तीन हक्काचे, आणि पहिला तूच मारू शकतेस!"

"मॅडम, दादा बसून आहेत ना समोर," ती रडवेली झाली. "त्यायच्यासमोर कसा शिवू?"

मी तरातरा गेले आणि नियम सांगत धावजींनाच मैदानाच्या दोरीपर्यंत आणलं.

म्हातारा डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "पोरी, माहा कायदा तांड्यावर. इथं मॅडमचा ऐक."

पुढचे दोन गुण आमचे. चौदा-तेरा. समोरचीनं सणसणीत मारला, अंजूचे हात पलीकडे गेले, चेंडू लागून पुन्हा तिच्याच डोक्यावर. अंजूनं तो स्वतःच वर उचलला, शेजारच्या जमनीनं जाळीपाशी चढवून दिला आणि अंजूनंच पलीकडे हाणला. कोपऱ्यात, रेषेच्या आत!

आणि आमचीच माणसं बोंबलली, "चार झाले! फाउल!" जिंकलेला सामना घालवायला निघालेले असले प्रामाणिक लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

धावजी पागोटं सावरत उठले. "तीनच झाले! ब्लॉकचा धराचा नाही, येवढं समजत नाही तुमाले?"

सामन्याच्या पंचाची शिट्टी वाजली, गुण आमचा. अंजू धावत आली ती माझ्याकडे नाही, आजोबांकडे. मला राग आला नाही. मीही मागोमाग धावले.