साहेबांचा पत्ता

चुका शोधायच्या डीबगरमधून चालवला की माझा नोडचा प्रोग्राम माझा डेटाबेस सोडून टीमलीडच्या डेटाबेसमध्ये कचरा ओतायचा.

"तुझ्या .env फाइलमध्येच घोळ आहे," टीमलीड सगळ्यांसमोर म्हणाला.

सकाळभर मी ती सेटिंगची फाइल डोळ्यांत तेल घालून वाचली. त्यात डेटाबेसचा पत्ता माझाच होता. शेवटी डीबगरने प्रोग्राम कसा सुरू करायचा ते सांगणारी, सगळ्या टीमची launch.json उघडली. त्यात `envFile` माझ्या फाइलकडेच बोट दाखवत होतं, पण खाली `env` मध्ये त्याच सेटिंगच्या नावापुढे टीमलीडसाहेबांच्या डेटाबेसचा पत्ता होता. दोन्हीकडे एकच नाव असलं की `env` चंच चालतं. ती ओळ कोणी घातली, हे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारलं. टीमलीडचंच नाव आलं.

मी ओळ उडवली, डीबगर चालवला आणि त्याला बोलावून दाखवलं.

"चाललं ना?" तो म्हणाला. "तरी सांगत होतो, फाइल नीट वाच."