नोटिशीची मागची बाजू

दुपारच्या सुट्टीत ताईच्या फोनवर धाकट्या भावाने पाठवलेला एक फोटो आला. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, हे काय म्हणतंय ते नीट सांग." ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती आणि या परक्या देशातली भाषा तिला सफाईने यायची. धाकट्याची मजल मात्र "इथे सही करा" आणि "शेजारी ठेवू का" यांच्यापुढे गेली नव्हती. पार्सलची गाडी चालवायला तेवढी पुरायची. कागदांना पुरायची नाही, हे त्याला फार उशिरा कळलं.

फोटो वाहतूक विभागाच्या दंडाच्या नोटिशीचा होता. वर एक लाल टाचणी, मधोमध कॅमेऱ्याने टिपलेली धाकट्याची पांढरी गाडी. ताईने डबा बाजूला सारला आणि ओळीओळीने सांगत आवाज रेकॉर्ड करून पाठवला. गुन्हा : बससाठी राखलेल्या पट्ट्यात गाडी घातली. दंड एकशे वीस. नोटिशीच्या तारखेपासून चौदा दिवसांत भरला तर निम्मा, म्हणजे साठ. नाहीतर अठ्ठावीस दिवसांपर्यंत पूर्ण. आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत : हरकत घ्यायची असल्यास मागे पाहा.

"मग मागचा फोटो पाठव," ती म्हणाली.

त्यावर धाकट्याचा फोनच आला. मागचा फोटो कसा पाठवणार, नोटीस डेपोतल्या फळ्यावर टोचलेली असते. दंड आला की मुकादम कागद फळ्यावर लावतो, ज्याची गाडी त्याने फोटो काढून घ्यायचा, शुक्रवारी मुकादम सगळे दंड सवलतीत भरून टाकतो आणि पगारातून कापतो. कापल्याचं एवढं नाही, तो म्हणाला. पण तीन नोटिसा झाल्या की गाडीची किल्ली काढून घेतात, आणि ही तिसरी आहे.

पहिल्या दोन त्याने ताईला दाखवल्याच नव्हत्या. लाज वाटली म्हणे. ताईला त्याचा राग आला, पण तो तिने गिळला, कारण त्याच्याहून मोठा राग मागून येत होता.

"तू पट्ट्यात शिरलासच कशाला?" तिने विचारलं.

"ताई, मागून अँब्युलन्स आली गं. पुढे गाड्याच गाड्या. मी बाजूला झालो नसतो तर ती जाणार कुठून?"

"हे मुकादमाला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणाला, कॅमेरा खोटं बोलत नाही."

कॅमेरा खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला विचारायला तरी हवं ना! नोटिशीच्या पुढच्याच बाजूला लिहिलं होतं, की नोटीस क्रमांक आणि गाडीचा नंबर टाकला तर विभागाच्या साइटवर चित्रफीत बघता येते. दोन्ही फोटोत होतेच. ताईने दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर ती उघडली. गाडी पट्ट्यात शिरते, उजवीकडून अँब्युलन्स दिवे लावून निघून जाते, गाडी गुमान आपल्या जागी परत येते. एवढंच. छापलेल्या फोटोत मात्र अँब्युलन्सचा मागमूस नव्हता. ताईच्या अंगाची लाही लाही झाली. माणसाला वाट करून द्यायची आणि वर गुन्हेगार ठरायचं, आणि तेही कुणी दहा सेकंद बघायची तसदी घेतली नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ताईने सकाळची रजा टाकली आणि धाकट्याबरोबर डेपो गाठला. पत्र्याची उंच शेड, फिरत्या पट्ट्यावरून सरकणारे खोके, एका कोपऱ्यात काचेची खोली आणि तिच्या बाहेर तो फळा. मुकादम लॅपटॉप उघडून बसलाच होता. माणूस वाईट नव्हता. खोलीत आल्या आल्या त्याने ताईला खुर्ची दिली. पण ती काय म्हणते ते ऐकायच्या आधीच त्याने हात झटकले. आज भरलं तर साठ, उशीर केला तर एकशे वीस, मी तुमच्या भावाचेच पैसे वाचवतोय, असं त्याचं म्हणणं. आपण उपकार करतोय याची त्याला पक्की खात्री होती, आणि असल्या खात्रीच्या माणसापुढे डोकं शांत ठेवणं फार अवघड असतं.

ताई उठली, बाहेर गेली, टाचणी उपटली आणि नोटीस उलटी करून त्याच्यासमोर ठेवली. मग ती इथल्याच भाषेत मोठ्याने वाचू लागली. दंड भरला की प्रकरण बंद, त्यानंतर हरकत घेता येणार नाही. हरकत वाहनमालकाने घ्यायची, किंवा मालकाने लेखी अधिकार दिलेल्या माणसाने. आणि चौदा दिवसांच्या आत घेतलेली हरकत फेटाळली गेली, तरी निम्म्या रकमेची सवलत पुन्हा चौदा दिवस मिळेल. तेव्हाही पटलं नाही तर स्वतंत्र लवादापर्यंत जाता येतं, मात्र तिथे गेल्यावर सवलत सुटते.

मुकादमाने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले.

"मी हे कधी उलटून पाहिलंच नाही," तो म्हणाला.

"तुम्ही नाही पाहिलंत, आणि ड्रायव्हरांना पाहता येणार नाही असं टोचून ठेवलंत."

त्याने चित्रफीत पाहिली, गाडीच्या मालक कंपनीच्या वतीने ताईच्या नावे अधिकारपत्र लिहून सही केली, आणि ताईने तिथेच बसून हरकत पाठवली. पैसे भरायचं पान त्याने न भरताच बंद केलं. काम झालं होतं. धाकटा सुटकेने हसलासुद्धा. पण टाचणी उपटताना नोटिशीखालचे आणखी दोन कागद ताईच्या हाती आले होते, त्यांच्यावर आता तिची नजर गेली. भरलेल्या नोटिसा मुकादम काढतच नसे, त्यांच्यावरच त्याच गाडीची नवी टोचत असे.

पहिल्या नोटिशीवरची तारीख बघून ती थबकली.

"अरे, त्या दिवशी तर तुझी अक्कलदाढ काढली आमच्याकडे. सकाळभर तू माझ्यासमोर गालावर बर्फ धरून बसला होतास."

धाकट्याने कागद निरखला. गाडीचा नंबर त्याचाच होता. त्या दिवशी त्याची गाडी दुसराच कुणी घेऊन गेला होता, आणि त्या वेळी धाकट्याला तारीख वाचायचं सुचलं नाही. पगार कापला गेला तेव्हा तो मूग गिळून बसला. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं वाटून. हे ऐकून ताईचा आवाज पहिल्यांदा कापला. पैशांमुळे नाही. न केलेल्या चुकीबद्दल त्याला इतके महिने लाज वाटत राहिली होती, म्हणून.

मुकादम म्हणाला की ते आता भरलेलं आहे, बंद झालेलं आहे, त्यात कुणालाच काही करता येणार नाही.

"सरकारकडे बंद झालंय," ताई म्हणाली. "तुमच्या तीनच्या मोजणीत अजून उघडंच आहे. दवाखान्यातली त्याची नोंद मी दुपारी पाठवते. ती चूक आजच्या आज पुसा, आणि कापलेले पैसेही परत द्या."

"वर विचारावं लागेल," तो म्हणाला.

"विचारा. मी बसते."

ती खरंच बसली. मुकादमाने नाइलाजाने फोन उचलला आणि काचेकडे तोंड करून हळू आवाजात बोलू लागला. बाहेर गाड्या भरायला आलेले ड्रायव्हर फळ्यापाशी घोटाळत होते. धाकटा त्यांच्यात गेला. फळ्यावर आणखी पाच-सहा नोटिसा होत्या, कुणाकुणाच्या. त्याने एकेक टाचणी काढली, एकेक कागद उलटा केला आणि पुन्हा टोचला. मग आपला फोन उंचावून दाखवत त्याने शेजारच्या ड्रायव्हरला खूण केली, की आता काढ फोटो.