तांबड्या डबीऐवजी निळी

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मधे बोलू नकोस. कोपरखैरण्याला माथाडींच्या खोल्यांत हौसेराव राहतो बघ, कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलणारा, लग्न न केलेला, त्याच्या घरात घडलेलं आहे हे. घरात तिघंच. हौसेराव, त्याची विधवा वहिनी पुतळा, आणि पुतळाची नऊ वर्षांची पोरगी उत्कर्षा. भाऊ मधुकर नऊ वर्षांपूर्वी गावीच, साताऱ्याकडे वारला. कशाने गेला ते त्या घरात कोणी बोलत नाही. पिसाळलेलं कुत्रं चावून.

आणि गुरुवारी संध्याकाळी उत्कर्षाच्या पोटरीला कुत्रं चावलं.

शहाण्णव साल चालू, म्हणजे पोटात चौदा सुया घ्यायचे दिवस अजून सगळीकडून गेलेले नाहीत, पण दंडात घ्यायची नवी लस खाजगीत मिळायला लागलीय. शेजारच्या डॉक्टर राजेश्वरीबाईंनी जखम नळाखाली साबणाने चांगली दहा-पंधरा मिनिटं धुतली, जखमेच्या भोवतीनं सिरम, म्हणजे लस लागू होईपर्यंत तग धरायचं औषध, टोचलं, आणि केमिस्टकडून आणलेल्या तांबड्या डबीतली पहिली सुई दंडात दिली. कार्डावर तारखा लिहिल्या. आजचा दिवस शून्य धरून तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, तिसाव्या. म्हणाल्या, तारीख चुकवायची नाही.

पोरगी मजेत होती गं. शाळेला सुट्टी मिळाली म्हणून खुश. पण हौसेरावाची झोप गेली. ती पाण्याचा पेला तोंडाला लावायची आणि हा भाकरी हातात धरून तिच्या गळ्याकडे बघत बसायचा. त्याला मधुकरचा गळा दिसायचा. त्या शेवटच्या दोन दिवसांत पाणी नुसतं दिसलं तरी तो गळा कसा दोरीसारखा ताठ व्हायचा, ते दिसायचं. पंख्याचा वारा लागला की मधुकर किंचाळायचा, म्हणून खोलीत सगळं बंद केलं होतं. आता इथे पंखा चालू असला की हौसेराव मुकाट्यानं उठून बंद करायचा. पुतळा का म्हणून विचारायची नाही. तिलाही माहीत होतं ना.

रविवारी दुसरी सुई. सकाळी आठला हौसेराव, लस थंड राहावी म्हणून, चहाच्या थर्मासात बर्फ भरून निघाला. तांबडी डबी कोपरखैरण्याला नाही. वाशीला तीन दुकानं, नाही. नेरूळ, नाही. कुणी म्हणालं माल वरूनच येत नाही, कुणी म्हणालं पुढच्या आठवड्यात बघा. तुर्भ्याला एकाने फ्रिजमधून दुसरी डबी काढली, निळी. म्हणाला हीपण कुत्रं चावल्याचीच, दुसऱ्या कंपनीची. हौसेरावाने हातातही घेतली नाही. बर्फाचं पाणी झालेला थर्मास घेऊन सरळ दवाखान्यात आला.

पुतळा आणि उत्कर्षा बाकावर बसलेल्या. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि स्वतःच्या फ्रिजमधून तसलीच निळी डबी काढली. बाटलीत पांढरी पूड, शेजारी कुपीत पाणी. कालवलं, सुईत ओढलं. आणि पुतळा उभी राहिली.

"ही निम्मीच हाय," ती म्हणाली.

खरंच, तांबडीतलं एक मिली होतं, हे अर्धं दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या कंपनीची पूर्ण बाटली एवढीच असते, पण ताकद पूर्ण असते, पाणी किती घातलं त्यावर काही नसतं. पुतळाने पोरीचा दंड हाताने झाकून घेतला. तिचं म्हणणं एवढंच, की तांबडी येईल तवा टोचू, ल्योक न्हाय मला, ही एकच हाय, हिच्यावर दुसरं लेबल नको. मग ती इतक्या मोठ्यानं बोलली, की बाहेरच्या बाकावरची माणसंसुद्धा दारातून डोकावली.

"हिच्या बाला पण दुसऱ्या लेबलची बाटली टोचली. त्यानंच गेला त्यो."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. सुई ट्रेमध्ये ठेवली आणि नीट सांगायला लागल्या. एकच कंपनी शेवटपर्यंत मिळाली तर उत्तम, मीही तीच दिली असती. पण ती नाही. या दोन्ही एकाच जातीच्या लशी, दोन्ही पेशींवर वाढवलेल्या, एकीवरून दुसरीवर जाता येतं, पहिली सुई वाया जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. धोका डबी बदलण्यात नाही, धोका थांबण्यात आहे. मग त्यांनी विचारलं, की हिच्या वडिलांच्या वेळी दोन बाटल्यांमधे किती दिवस गेले होते?

पुतळा म्हणाली, मला न्हाय ठावं, मी बाळंतपणाची आजारी, भावजींस्नी ठावं.

आता बघ हं. हौसेरावाला ठाऊक होतं. नऊ वर्षं ठाऊक होतं. मधुकरच्या गालाला चावलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात पोटात चार सुया झाल्या आणि ती बाटली संपली. तिथला माणूस म्हणाला दुसरीकडची आहे, लेबल वेगळं, पण देतो. मधुकर तयार होता. तेव्हा मुंबईहून सुट्टीवर आलेल्या हौसेरावाने अडवलं. मार्केटात पहिल्या दिवशी काय शिकवतात? एका शेतकऱ्याच्या लॉटात दुसऱ्या मार्क्याची, दुसऱ्याच्या खुणेची गोणी जायची नाही. गेली की अख्खा लॉट खराब धरतात. तोच हिशेब त्याने भावाच्या रक्ताला लावला. मधुकर शेतावरचा भोळा माणूस, धाकटा मुंबईत असतो, त्याला कळतं म्हणून ऐकलं. मग त्याच लेबलची बाटली आलीच नाही, शेवटी दुसरीच टोचली, आणि पुढे जे झालं ते झालं. घरात सगळे म्हणाले दुसऱ्या बाटलीने मारला. हौसेरावाने कोणालाच खोटं सांगितलं नाही. फक्त त्यांचं म्हणणं खोडलं नाही.

दवाखान्यात पंखा फिरत होता. बाकाच्या टोकाला मधुकरच बसलाय, शेवटच्या दिवसांतल्यासारखा मानेला टॉवेल गुंडाळून, असं हौसेरावाला वाटलं. मान वळवून त्याने बघितलं नाही. सकाळपासून त्याच्यामागे प्रत्येक दुकानात तो आला होता, आणि खरं सांगायचं तर तुर्भ्याला निळ्या डबीला हात न लावणारा तोच जुना, भावाला अडवणारा हौसेराव होता. पुन्हा एकदा अडवून आला होता.

"अकरा दिवस," तो म्हणाला. "अकरा दिवस गेले, वहिनी. त्यो घेत हुता. मीच म्हनलो थांब."

पुतळाने त्याच्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, गालाची जखम होती, लस वेळेत मिळूनही कदाचित वाचले नसते, खात्रीनं काहीच सांगता येत नाही. पुतळाला ते ऐकूच गेलं नसावं. तिने उत्कर्षाच्या दंडावरचा हात काढला, बाही वर केली, आणि म्हणाली, टोचा.

टोचली. तिसऱ्या दिवसाची सुई तिसऱ्याच दिवशी झाली. आठवडाभराने तांबडी डबी आली दुकानात, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता निळीनेच संपवू, आणि पाचही सुया कार्डाप्रमाणे झाल्या. पोरगी धडधाकट आहे, परवा दोरीवरच्या उड्या मारताना बघितली मी.

पण त्या रविवारपासून पुतळा त्याला जेवायला वाढते, डबा भरून देते, कपडे वाळत घालते, आणि एक शब्द बोलत नाही. भावजी म्हणून हाकही नाही. निरोप उत्कर्षाकडून. आणि हौसेराव म्हणे आता रात्री दार उघडं ठेवून झोपतो, बंद खोलीत त्याला धाप लागल्यासारखा श्वास ऐकू येतो, स्वतःचा नाही, दुसऱ्याचा.

मी किती दिवस डोकं खाजवतेय. तो 'आठवत नाही' एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं ना? डॉक्टरीणबाईंनी तासाभराने का होईना पुतळाला पटवलं असतं कदाचित. कदाचित नसतंही, ती पोरीला उचलून घरी घेऊन गेली असती, तांबडीची वाट बघत. पोरीच्या दंडावर हात घट्ट धरून पुतळा उभी, सुई ट्रेमध्ये, आणि हौसेरावाच्या जागी तू, सगळी तुझ्या तोंडाकडे बघतायत. सांग ना, तू काय केलं असतंस?